आलोच

बहीण गेली तो सोमवार होता. दुपारी भाऊजींचा मेसेज आला. मी तो वाचला, ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि घरी गेलो.

मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'ती आली नाही.'

आईनं विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. बाहेरच्या कोणी ऐकलं असतं तर विचारलं असतं, कुठून आली नाही? आईनं विचारलं नाही. ती चुलीपुढून उठली आणि भिंतीला टेकून बसली. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ एकच होता. तो कसा तयार झाला हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात आहे. सुरुवात करतो आणि थांबतो.

माझ्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आम्ही वसमतचे. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आई अंगणवाडीत. बहीण माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. तिला परभणीकडच्या निवासी शाळेत घातलं होतं. तिथं ती लिहा-वाचायला शिकली, शिवण शिकली. सुट्टीत घरी आली की आमच्याशी बोलायला तिच्याकडे तीन गोष्टी असत: ओठ वाचणं, घरच्या खुणा आणि कागद. मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागल्यावर कागदाची सोय झाली. संगणक आल्यावर जुन्या यादीची कार्डं बाद झाली होती. एका बाजूला पुस्तकाचं नाव टाइप केलेलं, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर आम्ही बोलायचो. भांडायचोसुद्धा. राग आला की ती कार्ड उलटं करून पुस्तकाच्या नावावर बोट ठेवायची आणि त्यातूनच मला काहीतरी नाव ठेवायची. एकदा 'बैलांचे रोग' असं कार्ड हाती लागलं तेव्हा ती दिवसभर खूश होती.

मोबाईल आमच्याकडे दोन हजार चार-पाचच्या सुमारास आला. तो पहिल्यांदा माझा होता, पण आठवड्यात तिचा झाला. वसमतमध्ये तेव्हा लोक फोनवर मोठमोठ्यानं बोलत. मोंढ्यात हळदीचा भाव विचारणारा माणूस दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू यायचा. बहिणीला त्या यंत्राचं ते बोलणं कधीच लागलं नाही. तिच्यासाठी फोन म्हणजे मेसेज. शाळेतल्या मैत्रिणी परभणी, नांदेड, औंढा अशा विखुरल्या होत्या, त्या कित्येक वर्षांनी एकमेकींना सापडल्या. सकाळी उठल्यावर पहिला मेसेज 'jb' असायचा. म्हणजे जयभीम. हे संक्षिप्त रूप तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मग स्थळ आलं.

मुलगा पुण्यात छापखान्यात होता. संगणकावर अक्षरजुळणी करायचा. त्यालाही ऐकू येत नव्हतं. आई-वडील लहानपणीच गेलेले, मामानं वसतिगृहात घालून वाढवलेला. मामा मूळचे डोंगरकड्याचे. ते त्याला घेऊन बघायला आले. चहा झाला, पोहे झाले, मामा आणि आई बोलत राहिले. ती दोघं समोरासमोर बसून खुणा करत होती आणि मध्येच अडत होती. पुण्याच्या खुणा वेगळ्या आणि परभणीच्या वेगळ्या. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला, तिनं आपला घेतला, आणि एका खोलीत चार हातांवर बसून ते एकमेकांना मेसेज करू लागले. मामा हसले. म्हणाले, "घ्या. आपन इथं घसा कोरडा करून राहिलो, अन् ह्यांचं जमून बी गेलं."

जमलं नव्हतं अजून. आईनं मामांना सांगितलं की थोडे दिवस दोघांना बोलू द्या, मग ठरवू. आईचं म्हणणं साधं होतं. लेकराला आजवर आईच्या नाहीतर दादाच्या तोंडानं बोलावं लागलं. नवऱ्याशी तरी तिला मध्ये कोणी न घेता बोलता आलं पाहिजे. ते येत असेल तर लग्न, नाहीतर नाही. हुंडा, मानपान हा विषय आमच्याकडे नव्हताच. पाहायचं होतं ते एवढंच.

आणि नेमकं तिथंच मी मध्ये आलो.

मुलाचे मित्र सगळे ऐकू न येणारे, पण कोणी गुजराती, कोणी तेलुगू, कोणी उत्तरेकडचा. त्यांची आपसातली लिहायची भाषा इंग्रजी झाली होती, आणि तीही पूर्ण नव्हे. तीन-चार अक्षरांची. brb, idk, ttyl, gtg, np. सवयीनं तो बहिणीलाही तसंच लिहायचा. मराठी वाक्य सुरू व्हायचं आणि शेवटी ही अक्षरं. बहिणीला इंग्रजी जेमतेम येत होतं. ती फोन घेऊन ग्रंथालयात यायची, टेबलावर ठेवायची आणि भुवया उंचावायची.

माझ्याकडे शब्दकोश होते, पण ही अक्षरं त्यांत नव्हती. कॉलेजच्या संगणक विभागातल्या पोरांना विचारून मी एकेकाचा अर्थ मिळवला. मग कार्डावर मराठी लिहून तिला दिलं. idk समोर मी लिहिलं, 'मला माहीत नाही.' gtg समोर, 'मला जायला हवे.' brb समोर, 'मी लवकरच परत येईन.'

तिनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. खाली लिहिलं, 'तो कोर्टातला साक्षीदार आहे का?'

मी लिहिलं, अर्थ बरोबर आहे.

तिनं लिहिलं, 'अर्थ आहे. माणूस नाही.'

तिचं म्हणणं मला त्या दिवशी पूर्ण पटलं नाही, पण संध्याकाळी घरी जाताना मी लोकांकडे लक्ष देऊ लागलो. बसस्टँडवर एकानं दुसऱ्याला विचारलं, हिंगोलीची गाडी कधी? तो म्हणाला, "काय की." बस्स. खांदा उडवला आणि तंबाखू मळायला लागला. idk ला यापेक्षा जवळचं काही असूच शकत नव्हतं. तेवढंच आखूड, तेवढंच बेफिकीर, आणि त्यात उद्धटपणा नाही. मी दुसऱ्या दिवशी कार्डावर 'काय की' लिहिलं. आईही तसंच म्हणायची; तिनं लगेच आईची नक्कल केली, खांदे उडवून, ओठ पुढे काढून. ओळख पटली होती.

gtg चं तसंच. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही. आईपुढे कोणी म्हणालं तर आई हाताला धरून परत बसवायची आणि 'येतो' म्हणायला लावायची. तेव्हा 'मला जायला हवे' हे मुलगा लिहील तर तो आमच्या घरचा होणार कसा? gtg म्हणजे 'येतो'. ttyl म्हणजे 'बोलू मग'. np म्हणजे 'असू दे'. एकेक सापडत गेलं. शब्दकोशात बघायचं सोडून मी स्वयंपाकघरात आणि स्टँडवर बघत होतो.

lol ला जरा थांबावं लागलं. मोठ्यानं हसणं, असं मी लिहिलं. तिनं 'मोठ्यानं' या शब्दाखाली रेघ ओढली. तिच्या हसण्याचा आवाज चढा होता, तो तिला कळायचा नाही. पाहुणे असले की आई तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची, म्हणजे हळू. 'मोठ्यानं' हा शब्द तिला त्या हातावरून माहीत होता. तिनं विचारलं, तो मोठ्यानं हसतो आणि त्याला कोणी थांबवत नाही? मी लिहिलं, नसावं. तिनं थोडा विचार केला आणि स्वतःच लिहिलं, 'लई हसलो.' आणि मग, 'मी पण लई हसणार.'

brb चा शब्द मी शोधला नाही. तो तिनं दिला.

वडील असताना हंगामात कारखान्यातून केव्हाही बोलावणं यायचं. ताटावर बसलेले असायचे आणि दारात माणूस उभा राहायचा, बॉयलरचं काहीतरी अडलंय. वडील घास टाकून उठायचे, हात धुवायचे, आणि उंबऱ्यातून मागं वळून तळहात वर करून म्हणायचे, "आलोच." कधी अर्ध्या तासात यायचे, कधी पाळी संपवून. पण ते 'आलोच' म्हणून गेले की आई त्यांचं ताट झाकायची आणि आपलंही झाकायची. आम्ही पोरं खाऊन घ्यावं असं ती म्हणायची, पण आम्हीही खायचो नाही. कोणी ठरवून दिलेला नियम नव्हता. आमच्यात उपासतापास नाहीत, आई तर उपासाच्या नावानं चिडायची. हे उपास नव्हतंच. घरचा माणूस 'आलोच' म्हणून गेलाय, तर त्याच्याशिवाय घास कसा उतरेल, इतकंच. आणि वडील दर वेळी आले. उशिरा आले, पण आले. त्यांच्या अखेरच्या आजारपणातही ते घरीच होते.

बहिणीनं तो शब्द कधी ऐकला नव्हता. तिनं तो पाहिला होता. वडिलांचे ओठ आणि वर केलेला तळहात. घरात आमची ती खूणच झाली होती. मी brb चा अर्थ पुन्हा समजावत होतो, तेव्हा तिनं मला थांबवलं, उठून ग्रंथालयाच्या दारापर्यंत गेली, मागं वळली आणि तळहात वर केला.

मी कार्डावर लिहिलं, 'आलोच.' तिनं मान हलवली.

हे शब्द तिनं त्यालाही कळवले. तिच्या फोनवर देवनागरी होती, पण त्याच्या जुन्या फोनवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटायचे. शिवाय मराठीत लिहिलं तर एका मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांच्या निम्मीसुद्धा अक्षरं मावायची नाहीत. म्हणून तिनं इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहिलं: kay ki, yeto, bolu mag, aloch. त्याला गंमत वाटली. काही त्यानं उचलले, काही नाही. बोटांना जुनी सवय होती. तो brb लिहायचा, ती वाचताना आलोच वाचायची. मला वाटलं, झालं. आता माझं काम संपलं.

एका संध्याकाळी तिनं त्याला विचारलं, लग्नानंतर आई वसमतला एकटी पडली तर आपण काय करायचं. मी होतो घरात, पण माझं लग्न ठरत नव्हतं, आणि तिला माझ्या भरवशावर आईला सोडायचं नव्हतं. बरेच दिवस मनात धरून तिनं तो प्रश्न विचारला असावा, कारण मेसेज पाठवल्यावर फोन मांडीवर ठेवून ती बसून राहिली. आईनं ताटं वाढली होती. उत्तर आलं, 'idk. brb.'

तिनं फोन मला दाखवला. मग आईला तळहात वर करून दाखवला. आई म्हणाली, "येऊ दे मग. थांबू थोडं."

तो आला नाही.

पहिला तासभर आम्ही सहज बसलो. मग बहिणीनं आपलं ताट झाकलं. मी तिच्यापुढं कार्ड सरकवलं की तो बाहेर कुठं गेला असेल, तू जेव. तिनं वाचलं आणि बाजूला ठेवलं. मी आणखी लिहिलं, की ती मित्रांतली बोलायची रीत आहे, त्यात 'लवकर' याला काही अर्थ नसतो. तिनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली. 'तूच लिहिलं होतं, आलोच.'

शब्द मी लिहिला होता हे खरं होतं, आणि शब्द बरोबरही होता. 'मी लवकरच परत येईन' असं साक्षीदाराचं वाक्य राहू दिलं असतं तर ती जेवली असती. त्या वाक्यासाठी आमच्या घरात कोणी कधी ताट झाकलं नव्हतं. मी तिला जो शब्द दिला, त्याला वडिलांचा हात होता, झाकलेलं ताट होतं आणि आईचं थांबणं होतं. ते सगळं त्या मुलाच्या तीन अक्षरांत नव्हतंच. त्यानं सहज टाकलेली अक्षरं होती ती, दारातून बाहेर पडताना माणूस मान हलवतो तशी.

ती त्या रात्री जेवली नाही, आणि सकाळीही नाही. मशीनवर बसली, पण सुई चालत नव्हती. आईनं भाकरी पुढं ठेवली तेव्हा तिनं तोंड फिरवलं. आई माझ्यावर घसरली.

"काहून जेवना गेली ही? काय उपास मांडलाय?"

मी म्हणालो, तो आलोच म्हणाला होता.

"म्हनला ना? मग ये म्हनावं," आई म्हणाली. "आन येत न्हाई तर तसं सांग म्हनावं. लेकरू हाय माझं, स्टँडावरची पिशवी न्हाई, धर जरा म्हनून कोनाच्या हाती द्यायला."

दुपारी मी मामांना फोन लावला. मामा म्हणाले, पोरगं कामावर असेल, लग्नसराई आहे, छापखाना रात्रंदिवस चालू आहे, तकलीफ काय झाली? मी सांगितलं. मामा म्हणाले, "ह्याला ते कसं म्हाईत असनार, सर."

आईनं तोवर ठरवून टाकलं होतं. तिचं म्हणणं, ज्याला एका सवालाचं उत्तर टाळून उठता येतं, तो उद्या घरातूनही उठेल. मला नकार कळवायला सांगितलं. मी उद्या कळवतो म्हणालो. घाई नव्हती, आणि अंगात जोरही नव्हता.

त्याचा मेसेज संध्याकाळी आला. छपाई अडली होती, फोरमननं हाताला धरून नेलं, मग दुसरी पाळी करावी लागली, फोन उतरला होता. शेवटी 'sry'. बहिणीनं वाचलं आणि फोन माझ्याकडे सरकवला. तेव्हा मी माझ्या वतीनं त्याला लिहिलं. तिनं कालपासून खाल्लं नाही. उत्तर आलं, 'का?' मी सांगायला बसलो. वडील, बॉयलर, तळहात, झाकलेली ताटं. मेसेजमागून मेसेज. एवढं मोठं मी त्या फोनवर कधी लिहिलं नव्हतं, आणि लिहिताना मलाच ते विचित्र वाटत होतं, की एवढ्याशा गोष्टीला इतकं सांगावं लागतंय.

मग एक मेसेज आला, पूर्ण मराठी वाक्यांत. त्यानं लिहिलं होतं की वसतिगृहात जेवणाची वेळ झाली की दिवा लावायचे आणि वेळ संपली की विझवायचे. जो नसेल त्याचं ताट वाढत नसत. माझ्यासाठी कोणी जेवायचं थांबलं आहे हे मला पहिल्यांदा कळतं आहे.

मी तो मेसेज बहिणीपुढं धरला. आईला वाचून दाखवला. बहिणीनं फोन घेतला आणि तो पुन्हा पुन्हा वाचला, मग उठून एक भाकरी घेतली आणि अर्धी खाल्ली. अर्धी ठेवली.

दोन दिवसांनी रविवार होता. सकाळी तिच्या फोनवर शब्द आला: 'alo'. ती दारात गेली. तो स्टँडवरून चालत आला होता, पुण्याच्या गाडीतला चुरगळलेला शर्ट, हातात काही नाही. उंबऱ्यात उभं राहून त्यानं तळहात वर केला. खूण त्याला मीच लिहून कळवली होती, पण ती जाताना करायची असते, येताना नाही. बहीण हसायला लागली. चढ्या आवाजात, शेजारी ऐकतील असं. आईचा हात तिच्या गुडघ्याकडे गेला नाही.

आईनं त्याला वाढलं. तो जेवत असताना आई त्याच्या समोर बसली आणि त्याला ओठ दिसतील असं हळूहळू म्हणाली, "माझं काय करायचं, ते सांगितलं न्हाईस."

त्याला कळलं. त्यानं हात धुतले नाहीत, डाव्या हातानं फोन काढला आणि लिहून मला दिला. मी वाचून दाखवलं. 'मला खरंच माहीत नाही. पण विचारलं की उत्तर देईन. उठून जाणार नाही.'

आई म्हणाली, "बराबर."

लग्न बुद्धविहारात झालं. लोकांनी विचारलं, वचनं म्हणणार कशी? दोघांनी हातांनी म्हटली.

त्यानंतर मला फारसे मेसेज येईनासे झाले. हेच तर हवं होतं. आईनं मागितलं होतं ते मिळालं होतं. पुण्याहून बहीण कधी शिवलेल्या झबल्याबद्दल लिहायची, कधी भाऊजींच्या वेंधळेपणाबद्दल. त्यांची आपसातली भाषा पार बदलली होती. एकदा ती दिवाळीच्या सुट्टीत आली असता तिनं मला फोन दाखवला, आणि त्यातलं निम्मं मला कळलं नाही. माझे शब्द त्यात होते, पण घासून आणखी आखूड झालेले. काय की चं kk. बोलू मग चं bm. फक्त 'आलोच' आणि 'आलेच' पूर्ण लिहिलेले. ते दोघांनी आखूड केले नव्हते, आणि ते लिहिलेले मेसेज फारच थोडे होते. खरंच लगेच यायचं असेल तरच लिहायचे, असं तिनं मला कार्डावर सांगितलं. नाहीतर 'उशीर होईल, जेव' एवढं लिहायचं. मित्रांत भाऊजी अजून brb लिहायचे. घरात नाही.

ती आजारी पडली ते आम्हाला उशिरा कळलं. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. साधं आहे म्हणाले. आई निघायला तयार होती, पण बहिणीनं लिहिलं, घाई करू नका, सुट्टी मिळाली की या. आम्ही बुधवारची गाडी धरणार होतो.

सोमवारी सकाळी भाऊजींना औषधं आणायला खाली पाठवलं होतं. ते रांगेत असताना तिला आत न्यायला आले. उजव्या हाताला सुई टोचलेली होती. तिनं डाव्या हातानं त्यांना मेसेज केला. 'alech'. ते वर आले तेव्हा खाट रिकामी होती.

आम्ही दुसऱ्या दिवशी पुण्यात पोचलो. भाऊजी दवाखान्याच्या आवारात बाकावर बसले होते. मामा शेजारी होते. बाकावर डबा होता, आदल्या सकाळी त्यांनी स्वतःसाठी आणलेला, तसाच बंद. मामा म्हणाले, पाणीसुद्धा बळंच पाजलंय, हा ऐकत नाही. 'ऐकत नाही' हे शब्द त्यांनी सवयीनं वापरले असावेत.

आईनं डबा उघडला, वास घेतला आणि बाजूला ठेवला. आम्ही वाटेत खायला म्हणून बांधून आणलेल्या भाकरी होत्या. त्यांतली एक तिनं काढली, ठेचा लावला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी मान वर केली नाही. तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, ओठ दिसावेत म्हणून.

"जेव बाबा," आई म्हणाली. "ती न्हाई येत आता. जेव."

त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं. मग घास घेतला. मग आईनं घेतला. मग मला दिला.

वसमतच्या घरी आता आई आणि मी आहोत. भाऊजी पुण्यातच असतात, त्याच छापखान्यात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा मेसेज येतो. तब्येत, पाऊस, आईचे गुडघे. शेवटी ते 'येतो' लिहितात. मी 'बरं' लिहितो. 'आलोच' आम्ही कोणी लिहीत नाही. जेवायच्या वेळी मला बाहेर जावं लागलं तर मी आईला तू जेव म्हणून सांगतो, आणि ती जेवते.